खवले उभे राहतात तेव्हा : पाळीव माशांच्या जलोदराचा आढावा

लक्षण आणि त्याची ओळख

जलोदर झालेला मासा बाजूने पाहण्यापेक्षा वरून पाहिला की नीट ओळखू येतो. पोट दोन्ही अंगांनी सारखे फुगलेले असते आणि एरवी अंगाला चपखल बसणारे खवले मुळापासून उचलले जाऊन बाहेर वळलेले असतात. वरून तो मासा सुरूच्या सुकून उघडलेल्या फळासारखा दिसतो. जपानमध्ये गोल्डफिश पाळण्याची परंपरा जुनी आहे. तिथे या अवस्थेला ‘मात्सुकासा’ म्हणतात, म्हणजे पाइन वृक्षाचे फळ. खवल्यांच्या आधी किंवा त्यांच्याबरोबर आणखी काही खुणा दिसतात. मासा खाणे कमी करतो, टाकीच्या कोपऱ्यात नाहीतर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ स्थिर राहतो, कल्ल्यांचा लाल रंग फिका पडतो, विष्ठा पांढुरक्या दोऱ्यासारखी होते आणि डोळे थोडे बाहेर येतात.

पोट फुगले म्हणजे जलोदरच, असे मात्र नाही. अंड्यांनी भरलेली मादी, बद्धकोष्ठ झालेला मासा, पोटात गाठ वाढलेला मासा यांचीही पोटे मोठी दिसतात. पण त्यांचे खवले बहुधा सपाट राहतात. फुगवटा एकाच बाजूला असेल तर गाठ किंवा मूत्रपिंडाचा विकार जास्त संभवतो. पर्लस्केल जातीच्या गोल्डफिशचे खवले जन्मतःच मण्यांसारखे उंच असतात, त्यामुळे नवख्या पाळणाऱ्याची फसगत होते. उलट कधी पोट अगदी नेहमीसारखे असते आणि अंगाच्या एका पट्ट्यातलेच खवले उभे राहतात. हा बहुतेक वेळा त्या जागेपुरता, खवल्यांच्या खोबणीतला जंतुसंसर्ग असतो आणि त्यातून मासा वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणून कोणत्याही उपचाराआधी फुगवटा सारखा आहे की एकांगी, खवले सर्वांगावर उभे आहेत की एका भागात, एवढे तरी नीट पाहून घ्यावे लागते.

पाणी आत येते, बाहेर जात नाही

गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरातील द्रवात विरघळलेले पदार्थ बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. मिठाच्या हिशोबात सांगायचे तर त्याच्या रक्ताची तीव्रता लिटरला सुमारे ८ ते ९ ग्रॅम मीठ असलेल्या द्रावणाएवढी असते, आणि नळाच्या पाण्यात क्षार त्या मानाने नगण्य असतात. परासरणाच्या नियमाने पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाते. त्यामुळे माशाच्या अंगात, मुख्यतः कल्ल्यांच्या पातळ पडद्यांतून, पाणी अखंड शिरत राहते. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीत नाही. आलेले पाणी बाहेर टाकणे हेच त्याचे काम असते. मूत्रपिंडे भरपूर आणि अतिशय पातळ मूत्र बाहेर टाकतात, आणि त्यात वाया गेलेले क्षार कल्ल्यांतील खास पेशी पाण्यातून परत खेचून घेतात.

या साखळीतला कोणताही दुवा तुटला की पाणी साठू लागते. मूत्रपिंडे निकामी झाली तर ते बाहेर जात नाही. कल्ले जखमी झाले तर आत येणाऱ्या पाण्यावरचा आणि क्षारांवरचा ताबा सुटतो. यकृत बिघडले तर रक्तातली प्रथिने घटतात आणि रक्तवाहिन्यांतले पाणी ऊतींत झिरपते. हृदय दुर्बळ झाले किंवा जंतूंच्या विषाने रक्तवाहिन्यांच्या भिंती गळू लागल्या तरी परिणाम तोच होतो. द्रव आधी उदरपोकळीत भरतो, मग प्रत्येक खवल्याच्या मुळाशी असलेल्या खोबणीत शिरतो आणि खवला आतून उचलला जातो. खवले उभे दिसतात तेव्हा ही प्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते. समुद्री माशांत पाण्याचा ओघ उलट, शरीरातून बाहेर असतो. म्हणून जलोदराची चर्चा प्रामुख्याने गोल्डफिश, कोई, फायटर आणि गुरामी यांच्याभोवती फिरते.

एका नावाखाली अनेक रोग

माणसांच्या वैद्यकातही जलोदर आणि अंगावरची सूज हा एकेकाळी स्वतंत्र रोग मानला जाई. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सूज, मूत्रातील प्रथिने आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांची सांगड घातली. पुढे जलोदर हे मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाच्या विकाराचे लक्षण आहे हे मान्य झाले. माशांच्या वैद्यकात हीच वाटचाल शंभर वर्षे उशिरा सुरू झाली, आणि मत्स्यालयाच्या दुकानांपर्यंत ती अजून पुरती पोचलेली नाही. तिथे आजही ‘ड्रॉप्सी’ या एका रोगावरचे एक औषध मागितले जाते.

या वादाची सुरुवात पाळीव माशांपासून झाली नाही. युरोपातील तळ्यांत वाढवलेल्या कार्प माशांत दर वसंतात मोठी मर होत असे. पोटे फुगत, अंगावर व्रण पडत. जर्मन मत्स्यरोगतज्ज्ञ विल्हेल्म शेपरक्लाउस यांनी १९३०च्या सुमारास या ‘सांसर्गिक जलोदरा’मागे एक जिवाणू असल्याचे मांडले. तो जिवाणू आजच्या वर्गीकरणात एरोमोनास गटात येतो. हे मत दीर्घकाळ टिकले, पण त्यात एक अडचण होती. तोच जिवाणू निरोगी माशांच्या आतड्यांत आणि साध्या तळ्याच्या पाण्यातही सापडे. विषाणूचा संशय घेणारा पक्ष हळूहळू बळावत गेला. १९७१ मध्ये युगोस्लाव्हियातील निकोला फियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी कार्पमधून एक विषाणू वेगळा काढला. त्यानंतर जुने नाव मोडीत निघाले. वसंतातला विषाणूजन्य रोग वेगळा ठरला आणि त्वचेवर व्रण पाडणारा जिवाणूजन्य रोग वेगळा.

पाळीव माशांसाठी या इतिहासाचे महत्त्व थेट आहे. एका फुगलेल्या कार्पच्या पोटामागे दोन वेगळे रोग निघाले, तर घरच्या टाकीतल्या फुगलेल्या गोल्डफिशमागे किती निघतील, हा प्रश्न तेव्हापासून उघडा आहे.

जंतू आधी की मूत्रपिंड आधी

आजची मते ढोबळमानाने दोन बाजूंना विभागली जातात. पहिल्या मतानुसार बहुसंख्य प्रकरणे जिवाणूंच्या सर्वांगीण संसर्गाची असतात. आजारी माशाच्या उदरद्रवातून एरोमोनास हायड्रोफिला किंवा त्याच्यासारखे जिवाणू वारंवार मिळतात. हे जिवाणू सोडत असलेली विषे रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडे खरोखर बिघडवतात. भारतातील कटला, रोहू, मृगळ यांच्या तळ्यांतही फुगलेल्या माशांमध्ये याच गटातील जिवाणू सापडतात. या पक्षाच्या दृष्टीने वेळीच दिलेले योग्य प्रतिजैविक हाच मुख्य उपाय आहे.

दुसऱ्या मतानुसार हे जिवाणू संधी साधणारे आहेत. ते पाण्यात सदैव असतात आणि मासा आधीच खचला तेव्हाच आत शिरतात. खचण्याची कारणे वेगळी असतात: अमोनियाने भाजलेले कल्ले, लांबचा प्रवास, तापमानातील झपाट्याचे चढउतार, वर्षानुवर्षे एकाच सुक्या खाद्यावर पोसल्याने चरबी भरलेले यकृत. शिवाय काही कारणांत जिवाणूंचा संबंधच नसतो. गोल्डफिशच्या मूत्रपिंडात होफेरेलस कॅरासी नावाचा परजीवी वाढतो. त्याने मूत्रपिंड प्रचंड मोठे होते आणि बहुधा एक बाजू जास्त फुगते. मूत्रपिंडात द्रवाच्या पिशव्या तयार होण्याचा विकारही गोल्डफिशमध्ये आढळतो. मायकोबॅक्टेरियमचा जुनाट संसर्ग हा जिवाणूचाच खरा, पण नेहमीची प्रतिजैविके त्याला जुमानत नाहीत. ड्वार्फ गुरामीत एक विषाणू असाच फुगवटा आणतो आणि त्यावर औषध नाही.

दोन्ही पक्षांचे पुरावे खरे आहेत. अडचण अशी की उशिराच्या अवस्थेत दोन्ही चित्रे एकच दिसतात. खवले उभे राहीपर्यंत मूत्रपिंड बिघडलेले असते आणि जिवाणूही आत शिरलेले असतात. त्या वेळी घेतलेल्या नमुन्यात जिवाणू सापडला, तरी तो आधी आला की नंतर हे कळत नाही. टाकीतल्या अनेक माशांपैकी एकच म्हातारा मासा फुगला तर अवयवाचा विकार अधिक संभवतो, आणि आठवड्याभरात तीन-चार मासे फुगले तर पाणी किंवा संसर्ग, असा तर्क व्यवहारात उपयोगी पडतो. तो तर्कच आहे, निदान नव्हे.

मीठ, एप्सम आणि प्रतिजैविके

उपचारांतील सर्वांत जुना मतभेद मिठाविषयी आहे. साधे मीठ टाकावे असे म्हणणाऱ्यांचा आधार परासरणाचा आहे. बाहेरचे पाणी थोडे खारे केले की आतबाहेरचा फरक घटतो, पाणी कमी शिरते आणि मूत्रपिंडांवरचा भार हलका होतो. हिशोब त्यांच्या बाजूने आहे. लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ टाकल्यास हा फरक साधारण पाव ते एक तृतीयांशाने कमी होतो. विरोधकांचे म्हणणे असे की मूत्रपिंडे बंद पडलेल्या माशाच्या अंगात सोडियम साठले तर त्यामागोमाग पाणीही साठेल, म्हणून साधे मीठ टाळून एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, वापरावे.

एप्समच्या बाजूने ‘ते अंगातले पाणी ओढून काढते’ असे सर्रास सांगितले जाते. हे म्हणणे हिशोबात बसत नाही. लिटरला १ ग्रॅम एप्सम मिठाचा परासरणावरचा परिणाम पाव ग्रॅम साध्या मिठाएवढाही नसतो, आणि घरगुती मात्रा तर २० लिटरला एखादा चमचा, म्हणजे लिटरला सुमारे पाव ग्रॅम एवढीच असते. एप्समचा उपयोग होत असेल तर तो दुसऱ्या वाटेने, बहुधा सौम्य रेचक म्हणून होत असावा. बद्धकोष्ठाने फुगलेल्या माशाला त्याने आराम पडतो, हे पटण्यासारखे आहे. खऱ्या जलोदरात दोन क्षारांची समोरासमोर काटेकोर तुलना झाल्याचा भक्कम आधार कोणताच पक्ष देत नाही. सध्या एवढेच म्हणता येते की कमी मात्रेतले साधे मीठ गोल्डफिशला सहज सोसते, कोरीडोरससारख्या मार्जारमाशांना तेवढे सोसत नाही, आणि दोन्ही क्षार एकदम टाकल्याने कशाचा गुण आला हे कळेनासे होते.

प्रतिजैविकांबाबत वाद औषध द्यावे की नाही यापेक्षा ते कसे पोचवावे याचा आहे. पाण्यात टाकलेले बरेचसे औषध माशाच्या रक्तात पुरेसे जात नाही, कारण मासा पाणी पीत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी बांधले जाते, त्यामुळे बोअरवेलच्या जड पाण्यात त्याची ताकद घटते. एप्सम मिठासोबत ते वापरणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणे. खाद्यातून दिलेले औषध अधिक खात्रीचे असते, पण जलोदराच्या माशाने तोवर खाणे सोडलेले असते. माशांवर उपचार करणारे पशुवैद्य म्हणूनच इंजेक्शनचा मार्ग निवडतात आणि शक्य असेल तिथे उदरद्रवाचा नमुना घेऊन कोणते औषध लागू पडेल हे तपासून घेतात. अंदाजाने अर्धवट दिलेले औषध टाकीत औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे ठेवते, यावर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

वेगळी टाकी : एक उदाहरण

आजारी माशाला वेगळे का करायचे, याचीही दोन उत्तरे दिली जातात. एक उत्तर इतरांना लागण होऊ नये म्हणून. एरोमोनास सर्वत्रच असल्याने या उत्तरात तितकेसे बळ नाही. पण विषाणू किंवा मायकोबॅक्टेरियम असण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून ते सोडूनही देता येत नाही. दुसरे उत्तर अधिक भक्कम आहे. वेगळ्या टाकीत मात्रा मोजता येते, पाणी रोज बदलता येते आणि माशाने खाल्ले का, विष्ठा केली का, हे दिसते.

समजा, ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २५ सेंटिमीटर पाणी असलेल्या घरच्या टाकीत, म्हणजे ४५ लिटरमध्ये, चार गोल्डफिश आहेत आणि त्यांतला एक ओरांडा फुगला आहे. पहिले काम मासा पकडण्याचे नाही. पहिले काम मोठ्या टाकीतले पाणी तपासण्याचे आहे. चार गोल्डफिशना ४५ लिटर अपुरेच असते. तपासणीत अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम निघाला तर आकडा लहान वाटतो, पण त्याचा अर्थ पाण्याच्या पीएचवर ठरतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ असेल तर तो पाच टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे दसपट. अशा वेळी मोठ्या टाकीतले एक तृतीयांश पाणी त्याच दिवशी बदलावे लागते, नाहीतर वेगळ्या टाकीत बरा झालेला मासा त्याच कारणात परत सोडला जाईल.

वेगळी टाकी ४५ बाय ३० सेंटिमीटरची आणि पाणी २२ सेंटिमीटर घेतले तर जवळपास ३० लिटर भरते. तळाशी वाळू किंवा खडे नकोत, कारण विष्ठा आणि उरलेले खाद्य दिसले पाहिजे. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर मोठ्या टाकीत आधीपासून मुरलेला असावा. कोरा स्पंज पहिले काही आठवडे अमोनिया खात नाही. पाण्याचा प्रवाह मंद हवा, कारण फुगलेला मासा पोहताना थकतो. टाकी अर्धवट झाकून अंधारी ठेवली की तो शांत राहतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने घालवावा आणि तापमान मोठ्या टाकीएवढेच ठेवावे. तापमान वाढवून रोग बरा करण्याचा सल्ला दिला जातो. पण उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि याच जिवाणूंची वाढ जलद होते, त्यामुळे गोल्डफिशसाठी तो सल्ला धोक्याचा आहे. फायटरला मात्र त्याच्या नेहमीच्या २६ ते २८ अंशांखाली जाऊ देऊ नये.

मिठाची मात्रा लिटरला २ ग्रॅम ठरवली तर ३० लिटरला ६० ग्रॅम लागते. ते जाडे, साधे मीठ टाकीबाहेर पाण्यात विरघळवून २० ग्रॅमच्या तीन हप्त्यांत दीड दिवसात घालावे. पुढच्या हिशोबात सर्वाधिक चुका होतात. रोज निम्मे पाणी बदलताना १५ लिटर नव्या पाण्याबरोबर फक्त ३० ग्रॅम मीठ जाते. पुन्हा ६० घातले की मात्रा लिटरला ३ ग्रॅम होते आणि दुसऱ्या दिवशी तसेच केले तर साडेतीन. वाफ होऊन उडालेले पाणी भरताना मीठ अजिबात घालायचे नसते, कारण मीठ वाफेबरोबर जात नाही. प्रतिजैविक पाण्यात असेल तर स्पंजमधले उपयोगी जिवाणूही मरू शकतात, म्हणून अमोनिया रोज मोजावा आणि लिटरला पाव मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये.

सुधारणा डोळ्यांच्या अंदाजावर ठरवू नये. रोज ठराविक वेळी वरून एक छायाचित्र घ्यावे. दोन दिवसांआड पाण्याने भरलेले भांडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून, काटा शून्यावर आणून, मासा अलगद त्यात सोडला की वजन कळते. न खाणाऱ्या ओरांडाचे वजन ८० ग्रॅमवरून ८६ वर गेले तर ते मांस नव्हे, पाणी आहे. वजन उतरू लागले, विष्ठा परत दिसली आणि मग खवले बसू लागले, तर उपचार लागू पडतो आहे. खवले सर्वांत शेवटी बसतात, म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांत ते तसेच दिसले तरी धीर सोडू नये. दहाएक दिवसांत वजन वाढतच राहिले, मासा आडवा पडून राहू लागला आणि कल्ल्यांची हालचाल कष्टाची झाली, तर आशा फार थोडी उरते. या सर्व काळात हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत, कारण मायकोबॅक्टेरियम मरिनम माणसाच्या कातडीवर महिनोन्महिने न भरणाऱ्या गाठी आणतो. जाळी आणि बादलीही वेगळीच ठेवावी.

न सुटलेले

जलोदरातून बरे झालेल्या माशांच्या हकिगती पुष्कळ आहेत, पण त्यांतून उपचाराची परीक्षा होत नाही. बहुतेकांत मीठ, एप्सम, प्रतिजैविक, पाणीबदल आणि वेगळी टाकी हे सर्व एकदम सुरू झालेले असते. मासा जगला तर आतला विकार कोणता होता हे कधीच कळत नाही, आणि मेला तर त्याचे शवविच्छेदन सहसा होत नाही. त्यामुळे केवळ पाणी सुधारल्याने किती मासे वाचले असते, हा मूळ प्रश्न तसाच राहतो. बरे झालेल्या माशाचे मूत्रपिंड कितपत सावरते हेही अस्पष्ट आहे. काही मासे महिन्यांनी पुन्हा फुगतात. मीठ एकदम तोडले तर पाण्याचा ओघ पुन्हा वाढेल, म्हणून आठवडाभर रोजच्या पाणीबदलात मीठ न घालता ते हळूहळू उतरवावे, त्यानंतर निदान दोन आठवडे साध्या पाण्यात मासा सपाट राहिला तरच मोठ्या टाकीत परत न्यावा, अशी सावध प्रथा आहे.

जो मासा वाचणार नाही हे स्पष्ट झाले, त्याला जिवंत फ्रीझरमध्ये ठेवू नये किंवा शौचालयात सोडू नये; दोन्ही क्रूर आहेत. पशुवैद्य उपलब्ध नसेल तर लवंग तेल वापरले जाते. १ लिटर पाण्यासाठी सुमारे ०.४ मिलिलिटर तेल आधी थोड्या कोमट पाण्याच्या बाटलीत घालून दुधाळ होईपर्यंत हलवतात आणि माशाच्या भांड्यात मिसळतात. मासा आधी बेशुद्ध होतो, मग कल्ले थांबतात. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास त्याला त्याच पाण्यात राहू द्यावे. कारण शोधायचे असेल तर मासा गोठवू नये, गोठल्याने ऊती फुटतात. ओल्या पिशवीत, बर्फावर ठेवून, काही तासांच्या आत तो मत्स्यरोगांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत पोचवावा आणि त्याच्याबरोबर टाकीच्या पाण्याची बाटली, औषधांची यादी आणि रोजच्या वजनांची नोंदही द्यावी.